गाठीच्या वाट्याला किती ग्रे?

फ्रान्समधल्या चार रुग्णालयांत यकृताच्या कर्करोगाच्या 60 रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. 'डोसिस्फिअर-01' हे तिचं नाव, आणि रेन शहरातले न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर एतिएन गारँ हे तिचे प्रमुख. प्रत्येक रुग्णाच्या यकृतात निदान एक गाठ 7 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी होती, आणि ती शस्त्रक्रियेने काढण्यासारखी नव्हती. उपचार सगळ्यांना एकच मिळाला: इट्रियम-90 हे किरणोत्सारी द्रव्य असलेले काचेचे सूक्ष्म मणी धमनीतून गाठीपर्यंत सोडायचे. फरक फक्त हिशेबात होता. एका गटात यकृताच्या ज्या भागात मणी जाणार त्या संपूर्ण भागाला सरासरी 120 ग्रे इतका डोस धरला. दुसऱ्या गटात गाठीचा हिशेब वेगळा मांडला आणि तिला किमान 205 ग्रे मिळतील असं पाहिलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. सरासरीवर चाललेल्या गटात उपचार मिळालेल्या 28 पैकी 10 जणांच्या गाठीने प्रतिसाद दिला होता, तर वेगळ्या हिशेबाच्या गटात 28 पैकी 20 जणांच्या. पहिल्या गटातल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य 10.7 महिने निघालं आणि दुसऱ्यातल्यांचं 26.6 महिने. चाचणी लहान होती, तिच्यावरून सगळंच ठरवता येणार नाही. पण मणी तेच आणि आजारही तोच असताना एवढं अंतर पडलं, म्हणून हा हिशेब नेमका कसा करतात आणि तो कुठे चुकतो हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी मण्यांविषयी. एका मण्याचा व्यास 20 ते 30 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. काच बनवतानाच तिच्यात साधं, स्थिर इट्रियम-89 मिसळलेलं असतं. मणी अणुभट्टीत ठेवले की इट्रियमच्या काही अणूंना एकेक न्यूट्रॉन चिकटतो आणि इट्रियम-90 तयार होतं. किरणोत्सारी द्रव्य काचेतच अडकलेलं असल्यामुळे ते रक्तात मिसळून शरीरभर फिरत नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे काचेचे मणी विकसित केले असून त्यांना 'भाभास्फिअर' असं नाव दिलं आहे. रेझिनचे मणीही वापरात आहेत. ते थोडे मोठे आणि हलके असतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येकावर किरणोत्सार खूपच कमी असतो. त्यांच्याकडे पुढे येऊ.

हे मणी गाठीतच का जातात? यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. निरोगी यकृताचा सुमारे तीन-चतुर्थांश रक्तपुरवठा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून होतो. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त यकृताच्या धमनीतून ओढून घेते. म्हणून मांडीतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर घालून तो यकृताच्या धमनीत नेला आणि तिथे मणी सोडले, तर रक्ताबरोबर त्यांचा मोठा वाटा गाठीकडे वाहत जातो. तिथल्या अतिसूक्ष्म वाहिन्या मण्यांपेक्षा अरुंद असल्याने ते तिथेच अडकतात आणि कायमचे राहतात. बाहेरून किरणं देताना संपूर्ण यकृताला सरासरी 30 ग्रेच्या आसपास डोस गेला तरी धोका सुरू होतो. धमनीच्या वाटेने मात्र गाठीला त्याच्या कितीतरी पट डोस देता येतो.

अडकलेला मणी बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. सगळ्या कणांची ऊर्जा सारखी नसते. प्रत्येक विघटनातून मिळणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो यांच्यात वाटली जाते आणि ही वाटणी दर वेळी वेगळी होते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन अगदी कमजोर निघतात. जास्तीत जास्त ऊर्जा 2.28 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि सरासरी 0.93 च्या आसपास. सगळ्यात जोमदार कण यकृताच्या ऊतीत 11 मिलिमीटरपर्यंत पोहोचू शकतो, पण असे कण थोडे. सरासरी पल्ला अडीच मिलिमीटर आहे. एका मण्याभोवती पाच-सव्वापाच मिलिमीटरचं वर्तुळ कल्पिलं, तर त्याच्या ऊर्जेचा सुमारे नव्वद टक्के भाग त्या वर्तुळाच्या आतच संपतो.

या पल्ल्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की प्रत्येक पेशीशेजारी मणी अडकण्याची गरज नाही. दोन-तीन मिलिमीटरवरच्या मण्याचे कणही तिच्यापर्यंत पोहोचतात. दुसरी गोष्ट हिशेबाच्या सोयीची आहे. गाठ काही सेंटिमीटर मोठी असेल, तर तिच्यात अडकलेल्या मण्यांची बहुतेक सगळी ऊर्जा तिच्यातच शोषली जाते. फक्त कडेच्या काही मिलिमीटरच्या थरातून थोडी ऊर्जा बाहेर जाते. म्हणून 'जितकी ऊर्जा बाहेर पडली तितकी तिथेच शोषली गेली' असं धरता येतं. सेंटिमीटरभराच्या गाठीला हे गृहीतक लावता येत नाही. तिच्यातून बरीच ऊर्जा कडेबाहेर निसटते, आणि सूत्रातून आलेला आकडा खऱ्या डोसपेक्षा फुगलेला असतो.

आता प्रत्यक्ष सूत्र. शोषित डोस म्हणजे एक किलो ऊतीत किती ज्यूल ऊर्जा शोषली गेली. एक किलोत एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. इट्रियम-90 चं अर्धायुष्य 64 तासांचं आहे. दर 64 तासांनी किरणोत्सार निम्मा होतो आणि अकरा दिवसांत 94 टक्के काम उरकतं. एक गिगाबेकरेल, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी विघटनं, एवढा किरणोत्सार शरीरात सोडला आणि तो पूर्ण विझेपर्यंतची सगळी विघटनं मोजली, तर ती साधारण 333 लाख कोटी भरतात. प्रत्येक विघटनाच्या सरासरी ऊर्जेने गुणलं की उत्तर येतं 50 ज्यूलच्या जवळपास. हा 50 चा आकडा या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतो:

डोस (ग्रे) = 50 × किरणोत्सार (गिगाबेकरेल) ÷ वस्तुमान (किलो)

पन्नास ज्यूल ही उष्णता म्हणून पाहिली तर नगण्य आहे. एक किलो यकृताचं तापमान तिने एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकंही जेमतेम वाढेल. पण ती पेशींमधल्या डीएनएच्या धाग्यांत तुटक-तुटक खर्च होते आणि ते धागे तोडते. नुकसान होतं ते उष्णतेने नव्हे, या तुटण्याने.

सूत्र सोपं आहे. अवघड आहे ते किरणोत्साराचा किती वाटा कुठे जाईल हे आधी ओळखणं, आणि त्यासाठी एक रंगीत तालीम होते. उपचाराच्या एक-दोन आठवडे आधी रुग्णाला कॅथलॅबमध्ये घेतात, धमन्यांची अँजिओग्राफी करतात आणि कॅथेटर ठरलेल्या जागी ठेवून टेक्निशियम-99एम लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण सोडतात. त्यांना एमएए म्हणतात. तेही सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, पण काही तासांत विरघळायला लागतात आणि त्यांचा किरणोत्सार सौम्य असतो. गॅमा कॅमेऱ्याखाली ते गाठीत किती, निरोगी यकृतात किती आणि फुप्फुसात किती हे दिसतं. फुप्फुसाचा प्रश्न महत्त्वाचा, कारण गाठीत कधीकधी धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग असतात. त्यांतून निसटलेले मणी हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकतात. एका वेळी फुप्फुसाला 30 ग्रेपेक्षा जास्त डोस जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे.

आता एक उदाहरण मांडू. रुग्ण काल्पनिक आहे, पण आकडे रोजच्या कामात येतात तसेच. गाठ गोल, व्यास 7.2 सेंटिमीटर, वजन सुमारे 200 ग्रॅम. कॅथेटर जिथे ठेवला तिथून ज्या भागाला रक्त जातं त्यात गाठीशिवाय 800 ग्रॅम निरोगी यकृत आहे, म्हणजे एकूण एक किलो. एमएएच्या चित्रात फुप्फुसाकडे 5 टक्के कण गेलेले दिसतात. सरासरी पद्धतीने या एक किलोला 120 ग्रे द्यायचे ठरलं तर यकृतात 2.4 गिगाबेकरेल पोहोचायला हवेत. फुप्फुसाकडे जाणारे 5 टक्के धरून सुमारे 2.53 गिगाबेकरेल सोडावे लागतील. फुप्फुसाचं वजन प्रथेप्रमाणे एक किलो धरलं तर त्याच्या वाट्याला 6 ग्रेच्या आसपास येतात. ते चालण्यासारखे आहेत. सरासरी पद्धत इथे थांबते.

वाटे पाडण्याची पद्धत पुढे जाते. हाँगकाँगच्या डॉक्टर-वैज्ञानिकांनी 1996 साली ती मांडली. एमएएच्या चित्रावरून ते पाहतात, की एक ग्रॅम गाठीत एक ग्रॅम निरोगी यकृताच्या किती पट कण अडकले. आपल्या रुग्णात हे प्रमाण चारास एक आहे असं समजा. गाठीचे 200 ग्रॅम चार पटींनी धरले की 800 होतात आणि निरोगी भागाचेही 800 आहेत, म्हणून 2.4 गिगाबेकरेल निम्मे-निम्मे वाटले जातात. गाठीला 1.2 मिळाले. पन्नासने गुणून 0.2 किलोने भागलं की 300 ग्रे. निरोगी भागालाही 1.2 मिळाले, पण ते 800 ग्रॅममध्ये पसरले, म्हणून तिथे 75 ग्रे. उत्तम योजना.

आता दुसरा रुग्ण घ्या. वजनं तीच, फुप्फुसाचे टक्के तेच, पण गाठीत रक्त तेवढं भरभरून जात नाही आणि प्रमाण चारऐवजी दीडास एक आहे. तेच 2.4 गिगाबेकरेल आता वेगळे वाटले जातात. गाठीला जेमतेम 0.65 मिळतात, म्हणजे 164 ग्रे. निरोगी भागाला 1.75, म्हणजे 109 ग्रे. एकूण एक किलोची सरासरी दोन्ही रुग्णांत 120 ग्रेच आहे. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगितला तर त्यातून महाबळेश्वरही कळत नाही आणि माण तालुकाही; इथेही सरासरीच्या आड एका गाठीला 300 आणि दुसरीला 164 ग्रे गेले, हे झाकलंच जातं.

दुसऱ्या रुग्णात किरणोत्सार वाढवून गाठीला 205 ग्रेपर्यंत नेलं तर? त्याच पटीत निरोगी भागाचा डोस 137 ग्रेवर जातो. डोसिस्फिअर चाचणीत निरोगी भागासाठी 120 ग्रेची मर्यादा पाळली होती, आणि तीही यकृताचा किमान 30 टक्के भाग उपचाराबाहेर शिल्लक असताना. ही मर्यादा ओलांडण्याचा परिणाम लगेच दिसत नाही. चार-आठ आठवड्यांनी रुग्णाला कावीळ होते, पोटात पाणी साचतं, आणि गाठ न वाढताही यकृत निकामी होत जातं. अशा रुग्णात किरणोत्सार वाढवण्यापेक्षा कॅथेटर आणखी पुढे, गाठीला पोसणाऱ्या बारीक फांदीत नेऊन ठेवतात. मग निरोगी भाग 800 ग्रॅमऐवजी समजा 300 ग्रॅमच उरतो आणि सगळा हिशेब नव्याने मांडता येतो. गाठ लहान आणि एका कोपऱ्यात असेल तर डॉक्टर तो कोपरा पूर्ण गमावण्याची तयारी ठेवून 400 ग्रेहून अधिक डोसही देतात.

पहिल्या रुग्णात मण्यांची संख्या काढून पाहू. कारखान्यातून निघताना काचेच्या एका मण्यावर सुमारे 2500 बेकरेल असतात. 5 गिगाबेकरेलच्या कुपीत साधारण वीस लाख मणी असतात. 64 तासांनी ही कुपी अडीच गिगाबेकरेलची होते, मणी मात्र वीस लाखच राहतात. ती या वेळी वापरली तर गाठीत साडेनऊ लाखांच्या आसपास मणी जातात, म्हणजे दर ग्रॅममध्ये सुमारे 4700. ते सारखे पसरले असं धरलं तर दोन मण्यांमधलं अंतर सुमारे 0.6 मिलिमीटर पडतं. अडीच मिलिमीटरच्या सरासरी पल्ल्यापुढे हे अंतर लहान आहे, त्यामुळे गाठीची एकही पेशी कोरडी राहू नये.

प्रत्यक्षात मणी सारखे पसरत नाहीत. ते वाहिन्यांच्या फाट्यांवर घोळक्याने अडकतात आणि मध्ये मोकळ्या जागा राहतात. निरोगी यकृताच्या बाबतीत या मोकळ्या जागांचा फायदा होतो, कारण तिथल्या पेशी वाचतात आणि यकृत भरून निघतं. म्हणूनच काचेच्या मण्यांचे 100 ग्रे यकृताला जेवढे सोसतात, तेवढे रेझिनचे सोसत नाहीत. रेझिनच्या एका मण्यावर 50 बेकरेलच असतात. तेवढाच डोस द्यायला कितीतरी पट अधिक मणी लागतात, ते दाट पसरतात आणि सुटलेल्या जागा कमी होतात. गाठीसाठीचे उंबरठेही त्यामुळे वेगळे ठरले. रेझिनच्या मण्यांबाबत हाँगकाँगमधल्या जुन्या अभ्यासात 120 ग्रेच्या वर गेलेल्या गाठींचे रुग्ण जास्त जगले. काचेसाठी आज 205 ग्रे हा किमान आकडा धरतात. दोन्हीकडे एकक ग्रेच असलं, तरी एका मण्याचा आकडा उचलून दुसऱ्याला लावला तर उपचार फसतो.

हिशेब कुठे कुठे चुकतो? सगळ्यात साधी चूक गाठीची कड आखताना होते. व्यास 7.2 ऐवजी 6.7 सेंटिमीटर धरला, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची गफलत झाली, तरी वस्तुमान जवळजवळ 20 टक्क्यांनी घटतं आणि कागदावरचा डोस 24 टक्क्यांनी वाढतो. मोठ्या गाठींचा गाभा बऱ्याचदा मृत असतो आणि तिथे रक्तच जात नाही. तो गाभा वजनात धरला तर जिवंत कडेला मिळणारा खरा डोस आकड्यापेक्षा जास्त निघतो. न धरला तर तुलना करताना गोंधळ होतो. म्हणून अहवालात गाभा धरला की वगळला हे लिहावं लागतं. वेळेचाही परिणाम आहे. कॅथलॅबमध्ये चार तास उशीर झाला की किरणोत्सार 4 टक्क्यांनी घटलेला असतो. काही मणी कुपीत आणि नळीत चिकटून राहतात. त्यासाठी कुपीजवळची किरणं उपचाराआधी आणि नंतर मोजून फरक काढतात.

सगळ्यात मोठी शंका तालमीवरच असते. एमएएचे कण आकाराने वेडेवाकडे, संख्येने कमी आणि वजनाने हलके असतात. शिवाय उपचाराच्या दिवशी कॅथेटरचं टोक काही मिलिमीटर मागे-पुढे झालं, ते फाट्याच्या अलीकडे राहिलं की पलीकडे गेलं, एवढ्यानेही रक्त वेगळ्या फांदीत वळतं. जठराकडे जाणाऱ्या एखाद्या बारीक धमनीत मणी घुसले तर जठरात व्रण पडतात. ते लवकर भरत नाहीत आणि पोटदुखी, उलट्या, रक्तस्राव होतो. तालमीच्या चित्रात जठराची किंवा लहान आतड्याची जागा उजळलेली दिसली, तर ती धमनी आधी बंद करतात किंवा कॅथेटर तिच्या पुढे नेतात.

म्हणून मणी सोडल्यावर पुन्हा चित्र काढतात. इट्रियम-90 मधून गॅमा किरण जवळजवळ निघतच नाहीत, त्यामुळे बराच काळ इलेक्ट्रॉन ऊतीत मंदावताना निघणाऱ्या क्ष-किरणांच्या अंधुक चित्रावर भागवावं लागत होतं. पण दहा लाख विघटनांत साधारण 32 वेळा या अणूतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी बाहेर पडते, आणि पॉझिट्रॉन पेट स्कॅनला दिसतो. प्रमाण अत्यल्प असलं तरी गाठीत गिगाबेकरेलच्या हिशेबात किरणोत्सार असल्याने पंधरा-वीस मिनिटांत वापरण्याजोगं चित्र मिळतं. त्यातल्या प्रत्येक लहान चौकोनात किती बेकरेल आहेत ते मोजतात, पन्नासच्याच सूत्राने त्याचे ग्रे करतात आणि गाठीवर डोसचा नकाशा तयार होतो. पेट स्कॅनची चित्रं स्वतःच काही मिलिमीटर पुसट असतात, जवळजवळ बीटा कणांच्या पल्ल्याइतकी. त्यामुळे मण्यांचे घोळके त्यात दिसत नाहीत, पण सेंटिमीटरभराची रिकामी जागा मात्र स्पष्ट दिसते.

अशी जागा दिसली की कारण शोधायला सुरुवात होते. समजा, पहिल्या रुग्णाच्या गाठीला सरासरी 290 ग्रे मिळाले, पण वरच्या, श्वासपटलाला टेकलेल्या टोकाला 40 ग्रेच्या पुढे काहीच नाही. मोठ्या गाठी पुष्कळदा श्वासपटलाच्या धमनीतूनही रक्त घेतात. यकृताच्या धमनीतून सोडलेले मणी त्या टोकापर्यंत कधी पोहोचूच शकत नव्हते. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन करून ते टोक वाढतंय का हे बघत बसण्याऐवजी डॉक्टर त्याच आठवड्यात अँजिओग्राफीची जुनी चित्रं पुन्हा उघडतात, श्वासपटलाची धमनी गाठीत शिरते का ते तपासतात, आणि शिरत असेल तर त्या टोकासाठी वेगळा उपचार आखतात: धमनी बंद करायची, सुईने ते टोक जाळायचं, की बाहेरून किरणं द्यायची. त्या वेळी टोकाला आधीच मिळालेले 40 ग्रे आणि शेजारच्या निरोगी यकृताला मिळालेले ग्रे, हे दोन आकडे नव्या योजनेच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असतात.